फॉर्म १६ च्या फोटोवरून आयटीआर-१ भरताना पगाराचा आकडा जुळत नाही? आधी फरक किती आहे ते बघा

तक्रार दरवर्षी तीच असते. कार्यालयातून मिळालेल्या फॉर्म १६ चा कुणीतरी फोटो काढलेला असतो. तो मोबाईलवर मोठा करून, एकेक आकडा बघत आयटीआर-१ भरलं जातं. शेवटी पोर्टलवर पगाराचं करपात्र उत्पन्न येतं एक आणि फॉर्म १६ च्या ओळ ६ मध्ये छापलेलं असतं दुसरंच. कुणाला पंधरा-वीस हजारांचा रिफंड दिसतो आणि तो खूश होतो, कुणाला उलट भरणा निघतो आणि तो घाबरतो. दोघंही मग पहिल्यापासून सगळे आकडे पुन्हा टाकायला बसतात. तसं करू नका. दोन आकड्यांतला फरक कागदावर लिहा. चूक कुठली आहे हे बहुतेक वेळा तो फरकच सांगतो.

खाली सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे निर्धारण वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि कलमं १९६१ च्या कायद्याची. उदाहरण आमच्या नात्यातल्या एका शिक्षकाचं घेतो. नोकरी शहाद्याला, तिथे महिना दहा हजार भाड्याने राहतात. घर जळगावला, त्यावर कर्ज. ओळख नको म्हणून आकडे थोडे बदललेत, पण गणित तेच. त्यांनी मला दोन फोटो पाठवले आणि खाली फक्त एवढंच लिहिलं: "नाना, हाई काय शे?"

फॉर्म १६ चा भाग ब हातात घ्या. त्यांच्या फॉर्मवर `1(a)` मध्ये, म्हणजे कलम १७(१) प्रमाणे पगार, ९,८६,४०० होते. `1(b)` आणि `1(c)` शून्य, म्हणून एकूण `1(d)` सुद्धा ९,८६,४००. `2(e)` मध्ये घरभाडे भत्त्याची सूट २९,१००; दुसरी कुठली सूट नाही, म्हणून ओळ २ ची एकूण सूटही तेवढीच. ओळ ३ ला उरले ९,५७,३००. `4(a)` प्रमाणित वजावट ५०,०००, `4(c)` व्यवसाय कर २,५००, ओळ ५ ची बेरीज ५२,५००. आणि ओळ ६, पगाराचं करपात्र उत्पन्न, ९,०४,८००.

सरांच्या पडद्यावर मात्र ८,२३,२०० आलं होतं आणि जवळजवळ सतरा हजारांचा रिफंड दिसत होता.

फरक सूट आणि वजावटीच्या बेरजेएवढा असेल तर

९,०४,८०० मधून ८,२३,२०० वजा केले की ८१,६०० राहतात. हा आकडा ओळखीचा वाटायला हवा: २९,१०० घरभाड्याची सूट अधिक ५२,५०० वजावटी. म्हणजे सगळं दोनदा वजा झालं आहे.

झालं असं की `Salary as per section 17(1)` या रकान्यात सरांनी ९,०४,८०० टाकले होते. फोटोतल्या पानावर "Income chargeable under the head Salaries" ही ओळ ठळक दिसते आणि आपल्याला पगारच भरायचा आहे, तेव्हा तोच आकडा उचलला जातो. पण तो आकडा सगळं वजा झाल्यानंतरचा. पोर्टलला तसला आकडा नकोच असतो. त्याला वरची एकूण रक्कम द्यायची आणि खालची वजाबाकी तो स्वतः करतो. प्रमाणित वजावट तर तुम्ही टाकायच्या आधीच तिथे येऊन बसलेली असते. जिनिंगवर कापसाच्या गोणीचं वजन एकदा कापून पावती झाली आणि ती पावती पुढच्या काट्यावर दाखवून गोणीचं वजन परत कापून घेतलं, असा तो प्रकार.

रिफंड का दिसला तेही बघा. त्यांच्या उत्पन्नाचा वरचा भाग वीस टक्क्यांच्या टप्प्यात येतो, त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के. ८१,६०० वर तो १६,९७३ होतो. रिफंडही दहाच्या पटीत पूर्ण होऊन १६,९७० च दिसत होता. तो रिफंड खरा नव्हता, हे यावरूनच कळतं.

दुरुस्ती सोपी. `1(a)` चा आकडा १७(१) च्या रकान्यात. `1(b)` चा १७(२) मध्ये आणि `1(c)` चा १७(३) मध्ये, असले तरच. `2(e)` हा सूट असलेल्या भत्त्यांच्या यादीतून कलम १०(१३ए) निवडून तिथे. `4(c)` व्यवसाय कराच्या रकान्यात. ओळ ३, ५ आणि ६ कुठेच टाइप करायच्या नाहीत. त्या फक्त ताळा बघायला आहेत: भरून झाल्यावर पोर्टलची निव्वळ पगाराची ओळ तुमच्या ओळ ३ शी आणि करपात्र पगाराची ओळ तुमच्या ओळ ६ शी जुळली की हा भाग संपला.

फरक फक्त २९,१०० चा, म्हणजे निव्वळ घरभाडे सुटीएवढाच आला असता, तर चूक याच जातीची पण एक पायरी वरची: ओळ ३ चा आकडा १७(१) मध्ये गेला असता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरभाडे सूट टाकताना निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून पोर्टल नुसत्या २९,१०० वर समाधान मानत नाही. नोकरीचं ठिकाण महानगर आहे की नाही, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता किती, भाडं किती दिलं, मूळ पगार आणि महागाई भत्ता किती, हे सगळं विचारतं. फॉर्म १६ च्या फोटोत यातलं काही नसतं. ते वर्षभराच्या पगारपत्रकातून घ्यावं लागतं. शिक्षकांना शालार्थ या पगार प्रणालीतून ते मिळतं. सरांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता ९,०९,००० होता. वर्षाचं भाडं १,२०,०००, त्यातून ९,०९,००० चे दहा टक्के म्हणजे ९०,९०० वजा, राहिले २९,१००. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता आणि पगाराचे चाळीस टक्के हे दोन्ही याहून जास्त होते, म्हणून सूट २९,१०० चीच. फॉर्मवरचा आकडा असा हाताने काढून जुळतो का ते बघणं हा फोटो नीट वाचल्याचाही पुरावा आहे.

फरक विचित्र आणि लहान असेल तर

१७(१) दुरुस्त करूनही सरांचं उत्पन्न जुळेना. आता ९,११,४०० दिसत होते, म्हणजे ओळ ६ पेक्षा ६,६०० जास्त. असा आकडा आला की माणूस फोटोकडेच संशयाने बघतो: कुठला तरी ६ नीट दिसला नसेल. सरांनी फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. फोटोत काही चूक नव्हती.

चूक करप्रणालीच्या प्रश्नात होती. पहिल्यांदा सरांनी त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं, पण दुरुस्तीसाठी विवरणपत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा ते राहून गेलं. फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये अगदी वर एक ओळ असते, `Whether opting out of taxation u/s 115BAC(1A)?`. फोटो काढताना लोक आकड्यांचा तक्ता चौकटीत घेतात आणि ही ओळ बाहेर राहते. सरांच्या फॉर्मवर तिथे `Yes` होतं, म्हणजे कार्यालयाने जुन्या प्रणालीने कर कापला होता. पोर्टलवर हाच प्रश्न वैयक्तिक माहितीच्या भागात येतो आणि काही न करता पुढे गेलात तर उत्तर `No` राहतं. मग नवी प्रणाली लागू होते: प्रमाणित वजावट ५०,००० ऐवजी ७५,०००, घरभाडे सूट नाही, व्यवसाय कर नाही. सरांसाठी ८१,६०० ची वजाबाकी जाऊन ७५,००० ची आली. दोन्हींतला फरक बरोबर ६,६००.

म्हणून मी ताळा बघायला बसलो की आकड्यांच्या आधी ही ओळ शोधतो. फोटोत नसेल तर `4(a)` बघा. तिथे ५०,००० असतील तर जुनी प्रणाली, ७५,००० असतील तर नवी. ज्यांना घरभाडे सूट नाही, स्वतःच्याच घरात राहतात, त्यांच्या बाबतीत हा घोळ २२,५०० च्या फरकाने दिसतो: पंचवीस हजारांची जादा वजावट आणि त्यातून गेलेले व्यवसाय कराचे अडीच हजार. महाराष्ट्रात पूर्ण वर्षाचा व्यवसाय कर २,५०० असतो, म्हणून हा २२,५०० आपल्याकडे वारंवार भेटतो.

आणखी एक खूण. घरभाड्याची सूट भरायला गेलात आणि भत्त्यांच्या यादीत १०(१३ए) दिसतच नसेल, तर पोर्टल बिघडलेलं नाही. तुम्ही नव्या प्रणालीत आहात. तिथे "इतर" निवडून तो आकडा घुसवायचा प्रयत्न करू नका.

कोणती प्रणाली फायद्याची हा वेगळा प्रश्न आहे. कार्यालयाने जुनी लावली म्हणून विवरणपत्रात जुनीच ठेवावी असं बंधन पगारदाराला नाही. सरांना जुन्या प्रणालीत थोडा कमी कर पडत होता, म्हणून जुनीच ठेवली. पण बदलायची असेल तर मग ओळ ६ शी ताळा मिळणार नाही, हे धरून चालावं.

फरक ५०,००० चा असेल तर थांबा

हा सगळ्यात फसवा फरक. पन्नास हजार कमी आले की कुणीही म्हणेल, प्रमाणित वजावट दोनदा गेली. जुन्या प्रणालीत ते शक्य आहे. पण सरांच्या फोटोत `1(a)` वर कागदाची घडी होती आणि 986400.00 मधला 8 अर्धवट पुसट होता. तो 3 वाचला तर ९,३६,४०० होतात आणि फरक पुन्हा बरोबर ५०,००० च येतो. इंग्रजी 8 चा डावा भाग उडाला की 3 उरतो आणि दहा हजारांच्या स्थानी तो पाचाने, म्हणजे पन्नास हजारांनी कमी होतो.

दोन्हींत फरक ओळखायला फॉर्म स्वतःच मदत करतो, कारण त्यातल्या ओळी एकमेकींना बांधलेल्या आहेत. इथे `1(e)` म्हणजे दुसऱ्या कार्यालयाचा पगार, ओळ ८ म्हणजे घर आणि इतर उत्पन्नाची बेरीज, ओळ ११ म्हणजे ८०सी वगैरे वजावटींची बेरीज:

```
1(d) - ओळ 2 ची एकूण सूट = 3
3 + 1(e) - 5 = 6
6 + 8 = 9
9 - 11 = 12
```

ओळ ३ चे ९,५७,३०० स्पष्ट दिसत होते. त्यात २९,१०० मिळवले की ९,८६,४००. म्हणजे पुसट अंक 8 च. ही बेरीज जुळत असेल आणि तरी पन्नास हजारांचा फरक असेल, तर मग वजावट दोनदा गेली असं समजा. पुसट आकडा कधी डोळ्यांनी ठरवू नका. वरच्या किंवा खालच्या ओळीतून उलटा काढा.

अशीच आणखी एक खूण उपयोगी पडते. वरचा २२,५०० सोडला तर, फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तेव्हा बहुतेक वेळा दोन शेजारचे अंक उलटे टाइप झालेले असतात. ९,५७,३०० ऐवजी ९,७५,३०० झाले तर फरक १८,०००. आणि फरकात एकच ६ आणि पुढे नुसती शून्यं असतील तर फोटोतला 1 आणि 7 तपासा. आमच्याकडे बरेच गुरुजी फोटोवरून आधी वहीत मराठी अंकांत उतरवून घेतात आणि मग वहीतून पोर्टलवर टाकतात. तिथे घाईत लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, तो फरक ८ चा येतो. वही मध्ये आणूच नये हे बरं.

दशांश चिन्हाचाही घोळ होतो. ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावरून काढलेल्या फॉर्मवर रकमेत स्वल्पविराम नसतात, 29100.00 असं सरळ छापलेलं असतं. धूसर फोटोत टिंब दिसत नाही आणि आकडा एकदम एकोणतीस लाखांवर जातो. हा घोळ निदान लगेच लक्षात येतो.

फोटोच परत मागवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर तो `Document` म्हणून पाठवायला सांगा, नेहमीच्या फोटोसारखा पाठवला की तो दाबला जाऊन बारीक अंक फुटतात. कागद टेबलावर सपाट, फोन बरोबर वर, प्रत्येक पानाचा वेगळा फोटो, आणि पानाचे चारही कोपरे चौकटीत. पण खरं सांगायचं तर फोटोच्या भानगडीत पडण्यापेक्षा कार्यालयाकडून पीडीएफ मागवणं शंभर पटीने बरं. ते ट्रेसेसवर फक्त कर कापणाऱ्यालाच मिळतं, कर्मचाऱ्याला स्वतः काढता येत नाही, म्हणून मागावंच लागतं. तोपर्यंत पोर्टलने स्वतःहून भरून आणलेले आकडे पुसू नका. कार्यालयाने चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरलेलं असेल तर १७(१) चा आकडा बहुधा आधीच आलेला असतो. फोटो आणि तो आकडा जुळला तर दुधात साखर. नाही जुळला तर कार्यालयाला विचारा, विवरण दुरुस्त केलं का म्हणून.

दुसऱ्या पानावरच्या तीन जागा

ओळ ६ जुळल्यावर पुढे फारसं अडत नाही, पण दुसऱ्या पानाच्या फोटोत तीन जागा सांभाळाव्या लागतात.

पहिली घरकर्जाच्या व्याजाची. सरांच्या `7(a)` मध्ये १,२०,००० होते आणि आकड्याआधी उणे चिन्ह. फोटोत ती बारीक रेघ दिसत नाही, मग ते उत्पन्न समजून अधिक केलं जातं आणि फरक दुप्पट, २,४०,००० चा पडतो. आयटीआर-१ मध्ये उणे चिन्ह टाकायचंच नसतं. घराच्या भागात स्वतः राहतो असं निवडून कर्जावरच्या व्याजाच्या रकान्यात १,२०,००० लिहायचे. उणे पोर्टल करतं. त्यासाठी बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक कर्ज लागतं, ते बँकेच्या व्याज प्रमाणपत्रावर किंवा कर्ज खात्याच्या उताऱ्यावर मिळेल.

दुसरी कलम ८०सी ची. `10(a)` समोर दोन स्तंभ असतात, पहिल्यात एकूण गुंतवणूक आणि शेवटच्यात मान्य वजावट. सरांचे १,७४,००० आणि १,५०,०००. फोटो तिरका असला की एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीचा वाटतो. फोटो मोठा करून पडद्याला पट्टी किंवा कागदाची कड लावा, ओळ पकडा आणि मग वाचा. पोर्टलवर एकूण रक्कम टाकली तरी मर्यादा दीड लाखांचीच लागते, त्यामुळे इथे कर चुकत नाही. चूक होते ती ८०सी चा आकडा ८०डी च्या ओळीत गेला तर.

सरांचं ओळ ९ चं उत्पन्न ७,८४,८००, त्यातून १,५०,०००, ओळ १२ ला ६,३४,८००. कर ३९,४६०, उपकर १,५७८, एकूण ४१,०३८; दहाच्या पटीत ४१,०४०.

तिसरी जागा म्हणजे कापलेला कर. ओळ १९ मधला देय कर उचलून टीडीएसच्या रकान्यात टाकायची सवय अनेकांना आहे. ओळ १९ सांगते किती कर लागायला हवा होता. प्रत्यक्ष किती कापून जमा झाला ते भाग अ मधल्या तिमाहीच्या तक्त्यात असतं. सरांच्या बाबतीत दोन्ही सारखेच निघाले, म्हणून काही बिघडलं नाही. पण एखाद्या तिमाहीचं कार्यालयाने भरलेलं नसेल तर ओळ १९ तुम्हाला ते सांगणार नाही. म्हणून टीडीएस फोटोतून घेऊच नका, पोर्टलवरच्या २६एएस या कर-जमा उताऱ्यात दिसतो तेवढाच ठेवा.

वर्षात बदली झाली असेल तर

धुळे जिल्हा परिषदेतून जळगावला आंतरजिल्हा बदली होऊन आलेल्यांना दोन फॉर्म १६ मिळतात, दोन वेगळे टॅन म्हणजे कर कापणाऱ्या कार्यालयांचे क्रमांक, कधी कधी दोन्हींत वेगवेगळी प्रणालीही. दोन्ही `1(a)` ची बेरीज करून चालेल, पण एक `1(e)` बघा. नव्या कार्यालयाला तुम्ही जुन्या पगाराची माहिती दिली असेल तर तो तिथे आधीच धरलेला असतो, आणि मग दोन्ही ओळ ६ ची बेरीज केली की तो दोनदा मोजला जातो. `1(e)` शून्य असेल तर उलटं होतं: दोन्ही कार्यालयांनी प्रमाणित वजावट पूर्ण दिलेली असते, पोर्टल एकदाच देतं, आणि पोर्टलचं उत्पन्न दोन्ही ओळ ६ च्या बेरजेपेक्षा ५०,००० ने, नव्या प्रणालीत ७५,००० ने, जास्त येतं. इथे पोर्टलचंच बरोबर आहे, आणि थोडा कर भरावा लागेल. टीडीएसच्या भागात मात्र दोन्ही टॅन वेगवेगळ्या ओळींत हवेत.

चुकीच्या आकड्यांचं विवरणपत्र आधीच दाखल होऊन गेलं असेल, तर कलम १३९(५) खाली सुधारित भरता येतं; निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यात मूळ विवरणपत्राचा पोच क्रमांक आणि तारीख लागते, म्हणून ई-मेलवर आलेली पोचपावती शोधून ठेवा. रिफंड खात्यात जमा झाला असेल तरी भरता येतं. जास्तीचा आलेला भाग व्याजासह परत भरावा लागतो. सरांनी दाखल करायच्या आधीच विचारलं, त्यामुळे त्यांच्यावर ती वेळ आली नाही.